फोनात दिसतोय पण ऑफिसच्या पीसीवर उघडत नाही: फोटो एचईआयएफमध्ये काढायचा की जेपीजीमध्ये?

मागच्या आठवड्यात मामांचा फोन आला, "अरे जरा कारखान्यावर येऊन जा, फोटो सगळे गेले बघ." अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामांचं चादरीचं युनिट आहे, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत हैदराबादच्या एका व्यापाऱ्याला नव्या डिझाइनचं कॅटलॉग पाठवायचं होतं. मामेभावानं सकाळीच सगळ्या चादरी एकेक करून दोरीवर टाकून, खिडकीच्या उजेडात, 64 फोटो काढले होते, एकदम मस्त, काठ सरळ, रंग बरोबर. ते त्यानं केबल लावून ऑफिसच्या पीसीवर टाकले, फोल्डर उघडला तर चित्रं नाहीतच, नुसती पांढऱ्या कागदासारखी आयकॉन आणि खाली `IMG_2417.HEIC`, `IMG_2418.HEIC` अशी नावं. डबल क्लिक केलं की विंडोज विचारतंय, ही फाइल कशात उघडू? मामा म्हणाले, "फोनात तर दिसायलेत की रे, मग इथं का नाहीत?"

फोटो कुठंही गेले नव्हते, 64 च्या 64 फाइली त्या फोल्डरमध्ये पूर्ण होत्या, फक्त त्या पीसीला त्या वाचता येत नव्हत्या. आणि हा प्रकार मी सोलापुरात आता इतक्या ठिकाणी बघतोय, फ्लेक्सवाल्याकडं, झेरॉक्सच्या दुकानात, नातेवाइकांच्या घरी, की एकदा नीट लिहावंच वाटलं. कारण बहुतेक जण दोनच गोष्टी करतात, एकतर फाइलीचं नाव बदलून बघतात नाहीतर कुठल्यातरी वेबसाइटवर फोटो चढवतात, आणि पहिल्यानं काही होत नाही अन् दुसऱ्यात धोका आहे.

आधी हे काय आहे ते बघू. जेपीजी हे 1992 चं स्टँडर्ड. ते फोटोचे 8 बाय 8 पिक्सेलचे बारीक चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातला जो बारीक तपशील डोळ्याला फारसा कळत नाही तो कमी करून टाकतं. तीसेक वर्षं झाली त्याला, त्यामुळं जगातलं कुठलंही मशीन, प्रिंटर, जुना डिजिटल फोटोफ्रेम, टीव्ही, सगळ्यांना जेपीजी वाचता येतं. एचईआयएफ हे 2015 चं. आणि यात एक बारकावा आहे जो कळला की पुढचं सगळं सोपं होतं: एचईआयएफ हा नुसता डबा आहे, त्या डब्यात चित्र कुठल्या पद्धतीनं आवळून भरलंय ते वेगळं. आयफोन आणि सॅमसंग त्यात चित्र भरतात ते एचईव्हीसी पद्धतीनं, म्हणजे जी मुळात व्हिडिओसाठी 2013 मध्ये आली ती. अशा डब्याला `.HEIC` असं नाव लागतं. म्हणून सेटिंगमध्ये एचईआयएफ म्हणतात, फाइलीला एचईआयसी दिसतं, आणि माणूस गोंधळतो की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत काय, तर आपल्या कामापुरतं एकच धरा.

एचईव्हीसी हुशार कशात आहे तर ती एकाच मापाचे चौकोन पाडत नाही. चादरीचा मधला सपाट एकरंगी भाग असेल तर 64 बाय 64 पर्यंतचा मोठा चौकोन धरते, आणि काठावरच्या बारीक नक्षीत लहान लहान चौकोन. शिवाय शेजारचा भाग बघून पुढचा भाग कसा असेल याचा अंदाज बांधते, तिरकी रेघ चालली असेल तर ती तशीच पुढं जाणार असं धरून चालते, अशा 33 दिशा तिच्याकडं आहेत, आणि मग अंदाज आणि खरं चित्र यातला फरक तेवढा लिहून ठेवते. त्यामुळं तसाच दिसणारा फोटो साधारण निम्म्या जागेत बसतो. 12 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे 4032 बाय 3024, हा काहीच न आवळता ठेवला तर साधारण 36 एमबी होतो. जेपीजीत तो तीन-चार एमबीचा होतो आणि एचईआयसीत दीड-दोन एमबीचा. टॉवेल किंवा चादर असेल, म्हणजे सगळीकडं धागेच धागे, तर दोन्हीकडं आकडा वर जातो, कारण अंदाज बांधायला सपाट जागाच कमी असते.

मग जुना पीसी का उघडत नाही? मामांना मी मागावर नक्षी विणणाऱ्या जकार्डचं उदाहरण दिलं. जुन्या मागावर डिझाइन म्हणजे पुठ्ठ्याची पंच कार्डं, भोकं पाडलेली, एकाला एक बांधलेली माळ. नव्या इलेक्ट्रॉनिक जकार्डला तेच डिझाइन फाइल म्हणून लागतं. आता कोणी तुम्हाला पेनड्राइव्हमध्ये डिझाइन आणून दिलं आणि तुमचा माग पंच कार्डाचा असेल, तर डिझाइनमध्ये खोट नाही आणि मागातही बिघाड नाही, त्या मागाला ते वाचायची सोयच नाही. ऑफिसच्या पीसीवर विंडोज 7 आहे. ते 2009 चं. एचईआयएफ 2015 चं, आणि फोनमध्ये ते सर्रास आलं 2017 ला, आयओएस 11 बरोबर, आयफोन 7 पासून पुढच्या फोनमध्ये. म्हणजे जे विंडोज बनलं तेव्हा ही पद्धतच जन्मली नव्हती, आणि नंतर मायक्रोसॉफ्टनं विंडोज 7 मध्ये ती दिलीही नाही, 14 जानेवारी 2020 ला त्याचा सपोर्टच बंद झाला.

आता नाव बदलायचं प्रकरण. मामेभावानं आधीच एक फाइल `IMG_2417.jpg` करून ठेवली होती, आणि ती उघडत नाही म्हणून त्याला वाटलं फाइलच खराब झाली. नाव बदलणं म्हणजे डब्यावरचं लेबल बदलणं, शेंगा चटणीच्या डब्यावर साखर लिहिलं म्हणून आत साखर होत नाही. आत खरं काय आहे ते बघायचं असेल तर एक साधी युक्ती आहे, फाइलीवर राइट क्लिक करून नोटपॅडमध्ये उघडायची. सगळं कचऱ्यासारखं दिसेल, घाबरू नका, फक्त पहिली ओळ बघा आणि सेव्ह न करता बंद करा. अगदी सुरुवातीला `ftypheic` असं दिसलं तर ती एचईआयसी आहे, नाव काहीही असो. सुरुवातीला `ÿØÿ` आणि त्याच्या मागोमाग `Exif` किंवा `JFIF` दिसलं तर ती खरी जेपीजी. त्या नाव बदललेल्या फाइलीत `ftypheic` च निघालं, मी तिचं नाव परत `.HEIC` केलं आणि फाइल होती तशी चांगली निघाली. उलटंही होतं, कोणीतरी फॉरवर्ड करताना फोटो जेपीजी झालेला असतो पण नाव एचईआयसीच राहतं, तेव्हा नोटपॅडनं लगेच कळतं, आणि तिथं मात्र नुसतं नाव बदललं की काम होतं.

आता मुद्द्याचा प्रश्न, कुठलं निवडायचं. लोक विचारतात की चांगलं कुठलं, आणि मला वाटतं हा प्रश्नच चुकीच्या बाजूनं सुरू होतो. क्वालिटी बघून ठरवू नका, कारण फोन स्वतः जी जेपीजी बनवतो ती भरपूर चांगल्या दर्जाची असते, कॅटलॉगच्या पानावर छापली तर दोन्हीतला फरक मला सांगता आला नाही आणि चादरीत आयुष्य गेलेल्या मामांनाही नाही. जेपीजीचे चौकोन आणि काठाशी येणारे ठिपके दिसतात ते फोटो फार आवळला तर, किंवा पुन्हापुन्हा एडिट करून सेव्ह केला तर. त्यामुळं बघायचं ते हे की फोटो शेवटी कुठं जाणार आहे, आणि रोज जाणार आहे का कधीतरी. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांचे फोटो काढलेत, ते फोनात राहणार, घरच्यांना व्हॉट्सअपवर जाणार, तर एचईआयएफ ठेवा, निम्मी जागा वाचते आणि अडत काहीच नाही. पण जे फोटो कामाचे आहेत, दर दोन दिवसांनी केबलनं त्याच जुन्या पीसीवर जातात, तिथनं डिझाइनच्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये, तिथनं छपाईला, ते सरळ जेपीजीतच काढा. रोज काढायचं एकात आणि रोज बदलायचं दुसऱ्यात, यात कधीतरी घाईच्या दिवशी एक टप्पा राहतो, आणि तो नेमका गिऱ्हाईक वाट बघत असताना राहतो.

जागेचा हिशोब आम्ही मामांसमोर कागदावर मांडला. दिवसाला 40 फोटो धरले, एका फोटोमागं जेपीजीत दोन एमबी जास्त धरले, म्हणजे दिवसाला 80 एमबी, महिन्याचे 25 दिवस काम धरलं तर 2 जीबी. वर्षाचे 24 जीबी होतात, जे 64 जीबीच्या फोनला जड आहेत पण 128 जीबीच्या फोनला चालून जातात, आणि तसंही कॅटलॉग झालं की ते फोटो पीसीवर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवून फोनातनं काढायचेच आहेत. म्हणजे खरा जादा बोजा महिन्याला दोन जीबीचा, त्याच्यासाठी रोजची कटकट घ्यायची गरज नाही.

आयफोनवर हे बदलायचं ठिकाण `Settings` मध्ये `Camera`, त्यात `Formats`. तिथं मुख्य दोन पर्याय, `High Efficiency` म्हणजे एचईआयएफ आणि `Most Compatible` म्हणजे जेपीजी. यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, आधी काढलेले फोटो यानं बदलत नाहीत, बदल केल्यानंतर काढलेलेच जेपीजी होतात, त्यामुळं बदलल्यावर फोल्डरमध्ये दोन्ही प्रकार मिसळलेले दिसतील, ते बरोबर आहे. दोन, हेच बटण व्हिडिओलाही लागू होतं. `Most Compatible` केलं की व्हिडिओ जुन्या एच.264 पद्धतीनं निघतात, जे जुन्या पीसीवर चालतात, चांगलंच आहे, पण 4के मध्ये 60 फ्रेमचा व्हिडिओ आणि 1080 मध्ये 240 फ्रेमचा स्लो मोशन काढायचा असेल तर फोन `High Efficiency` च मागतो. मामेभाऊ कधी कधी मागावर धोटा जाताना त्याचा स्लो मोशन काढतो, त्याला हे सांगून ठेवलं, नाहीतर त्याला वाटलं असतं कॅमेऱ्यातला पर्याय गायब झाला.

सॅमसंगमध्ये बहुतेक वेळा मुळातच जेपीजी असतं, कोणीतरी जागा वाचवायला चालू केलं असेल तरच एचईआयएफ होतं. कॅमेरा उघडून सेटिंगच्या चक्रात `Advanced picture options` मध्ये `High efficiency pictures` असं बटण असतं, जुन्या मॉडेलात ते `HEIF pictures` या नावानं आहे, ते बंद करायचं. बाकी अँड्रॉइड फोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचईआयएफ असा शब्द दिसतोय का ते शोधा, नसेल तर तो फोन बहुतेक जेपीजीच काढतोय.

आता जिथं सगळ्यात जास्त लोक अडकतात ते. आयफोनमध्ये आणखी एक सेटिंग आहे, `Settings` मध्ये `Photos`, नव्या आयओएसमध्ये ते `Apps` च्या आत गेलंय, आणि तिथं अगदी खाली `Transfer to Mac or PC`. याच्यातही दोन पर्याय, `Automatic` आणि `Keep Originals`. `Automatic` असेल तर केबलनं फोटो घेताना फोन स्वतःच एचईआयसीचा जेपीजी बनवून पीसीला देतो, पीसीला फोल्डरमध्ये नावं `.JPG` अशीच दिसतात. `Keep Originals` असेल तर जे आहे ते तसंच, एचईआयसीच जातं.

मग मामेभावाच्या फोनातनं पीसीवर एचईआयसी का आले? विचारल्यावर कळलं की महिन्यापूर्वी त्यानं एकदम तीनशे-साडेतीनशे फोटो सिलेक्ट करून पीसीवर ओढले होते, थोडे आले आणि मधेच कॉपी थांबली, स्क्रीनवर आलं `A device attached to the system is not functioning`. त्यानं केबल बदलली, यूएसबीचं पोर्ट बदललं, काही फरक नाही, मग कोणीतरी मित्रानं सांगितलं `Keep Originals` कर, त्यानं केलं, कॉपी फटाफट झाली आणि विषय संपला असं वाटलं. तेव्हाचे बरेच फोटो नुसते बॅकअपला होते म्हणून उघडून कोणी बघितलेच नाहीत. तो उपाय खोटा नव्हता, पण त्यानं अडचण फक्त पुढं ढकलली. त्या एररचं कारण बहुतेक वेळा हेच असतं की `Automatic` मध्ये फोनला प्रत्येक फोटो ऐनवेळी बदलून द्यावा लागतो, त्याला वेळ लागतो, मध्येच स्क्रीन लॉक झाली किंवा एकदम शेकडो फोटो मागितले की फोन वेळेत देऊ शकत नाही आणि विंडोज समजतं की समोरचं यंत्रच बंद पडलं. दुसरं एक कारण बघून घ्या, आयक्लाउड चालू असून `Optimize iPhone Storage` वर खूण असेल तर काही फोटोंची मूळ मोठी फाइल फोनात नसतेच, ती क्लाउडवर असते, मग केबलनं ती येणार कशी.

तर आम्ही त्या दिवशी काय केलं ते सांगतो, तुम्हाला तसंच करता येईल. पीसीवरच्या 64 एचईआयसी फाइली हलवल्या नाहीत, फोल्डरचं नाव फक्त "मूळ" असं ठेवलं. फोनात `Automatic` केलं. मग केबल काढून परत लावली, हे विसरू नका, कारण नुसतं सेटिंग बदलून फोल्डरमध्ये जुनीच यादी दिसत राहते. फोन अनलॉक केला, `Trust This Computer?` विचारलं तिथं `Trust` केलं, आणि `Auto-Lock` थोड्या वेळापुरता `Never` केला म्हणजे मध्ये स्क्रीन बंद होणार नाही. आता फोल्डरमध्ये तीच नावं `.JPG` दिसायला लागली. सगळे एकदम न ओढता पंधरा-पंधरा फोटो घेतले, पाच फेऱ्यांत 64 झाले. शेवटी दोन गोष्टी तपासल्या, फोल्डरमध्ये मोजणी बरोबर 64 आहे का, आणि साइजप्रमाणे लावून कुठली फाइल 0 केबी किंवा बाकीच्यांपेक्षा फारच लहान आहे का. एक निघाली 0 केबीची, कॉपी होताना केबलला धक्का लागला होता बहुतेक, ती डिलीट करून पुन्हा घेतली. सगळं मिळून वीस मिनिटं गेली. मामा शेजारी उभं राहून एकेक चित्र उघडताना बघत होते, लाल काठाची मोराची चादर स्क्रीनवर आली तेव्हा म्हणाले, "हां, ही बघ, हीच पहिली लाव."

केबलचा घोळ नकोच असेल आणि फोटो चार-पाचच असतील तर फोनातच जेपीजी करता येतं. फोटो सिलेक्ट करून `Copy` करायचं, मग `Files` अॅपमध्ये एखाद्या फोल्डरच्या मोकळ्या जागेवर दाबून धरून `Paste` करायचं, तिथं ते जेपीजी होऊन पडतात. इथं `Save to Files` वापरू नका, त्यानं एचईआयसी तसंच जातं, दोन्ही दिसायला सारखं काम वाटतं पण निकाल वेगळा.

व्हॉट्सअपचं काय, हे सगळे विचारतात. फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सअप त्याचा जेपीजी करतंच, म्हणून जुन्या पीसीवर व्हॉट्सअप वेबनं उतरवलेला फोटो उघडतो आणि लोकांना वाटतं हाच सोपा मार्ग. उघडतो खरा, पण फोटोचा आकारही ते कमी करतं. चेहऱ्याच्या फोटोत ते कळत नाही, चादरीत लगेच कळतं, झूम केलं की धागा धाग्यात मिसळलेला, नक्षीची बारीक रेघ पुसट, आणि व्यापारी तर झूम करूनच वीण बघतो. आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फोटो मूळ दर्जाचा जातो पण एचईआयसीच राहतो, म्हणजे परत तिथंच. म्हणून डॉक्युमेंट पाठवायचं असेल तर आधी वरच्या पद्धतीनं जेपीजी करा, मग डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तेव्हा दोन्ही साधतं.

पीसीवर शेकडो एचईआयसी आधीच साठलेत अशी अवस्था असेल, जशी मामेभावाच्या त्या महिन्यापूर्वीच्या फोटोंची होती, तर ते घरच्या किंवा मित्राच्या नव्या लॅपटॉपवर नेऊन एका झटक्यात बदलता येतात. मी इमेजमॅजिक वापरतो, फुकट आहे, इंटरनेट लागत नाही. एचईआयसीच्या फोल्डरमध्ये आधी `jpg` नावाचा रिकामा फोल्डर बनवायचा आणि तिथं कमांड विंडो उघडून हे द्यायचं:

```
magick mogrify -path jpg -format jpg -quality 92 *.HEIC
```

यानं मूळ फाइली जागेवर राहतात आणि जेपीजी वेगळ्या फोल्डरमध्ये पडतात. 92 हा दर्जाचा आकडा आहे, छपाईसाठी 90 च्या खाली जाऊ नका, आणि 100 करूनही उपयोग नाही, फाइल दुप्पट फुगते आणि डोळ्याला काही मिळत नाही. उबंटू असेल तर `libheif-examples` हे पॅकेज टाकून असं एकेक करता येतं:

```
heif-convert -q 92 IMG_2417.HEIC IMG_2417.jpg
```

झाल्यावर उभे काढलेले फोटो दोन-तीन उघडून बघा. एचईआयसीमध्ये फोटो फिरवायची सूचना दोन ठिकाणी लिहिलेली असू शकते, डब्यात एक आणि कॅमेऱ्याच्या माहितीत एक, आणि काही कन्व्हर्टर दोन्ही पाळतात, मग फोटो दोनदा फिरून आडवा किंवा उलटा होतो. तसं दिसलं तर सगळे हातानं फिरवत बसू नका, दुसऱ्या कन्व्हर्टरनं मूळ फाइलीपासून परत करा. म्हणूनच मूळ एचईआयसी लगेच डिलीट करू नका म्हणतोय मी, जेपीजी एकदा बनला की त्यातनं जे गेलं ते परत येत नाही.

वेबसाइटवर चढवून बदलून घेणं मी शक्यतो टाळायला सांगतो. डिझाइन बाजारात यायच्या आधी ते अनोळखी सर्व्हरवर कशाला टाकायचं, आणि आधार, पासबुक, सातबाराचा फोटो असेल तर अजिबातच नको. ही कामं फोनात नाहीतर आपल्या लॅपटॉपवर पाच मिनिटांत होतात.

तुमच्याकडं विंडोज 10 किंवा 11 असेल तर वेगळी गोष्ट. तिथं मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधनं `HEIF Image Extensions` फुकट मिळतं, काही पीसीवर आधीपासूनच असतं. पण इथं डबा आणि आतलं चित्र हा जो बारकावा मी वर सांगितला तो आडवा येतो. हे एक्स्टेन्शन फक्त डबा उघडायला शिकवतं, आतलं एचईव्हीसी वाचायला `HEVC Video Extensions` वेगळं लागतं, आणि त्याला थोडे पैसे पडतात, कारण एचईव्हीसीवर बऱ्याच कंपन्यांची पेटंटं आहेत आणि ते वापरायची फी द्यावी लागते. म्हणून पहिलं टाकूनही फोटो उघडला नाही तर पीसी खराब समजू नका, दुसरं राहिलंय. आणि हे दोन्ही टाकून विंडोजच्या फोटो अॅपमध्ये चित्र दिसायला लागलं तरी जुन्या कोरलमध्ये ते इम्पोर्ट होईलच असं नाही, कारण ते सॉफ्टवेअर फाइल वाचायला स्वतःचीच यंत्रणा वापरतं, विंडोजला विचारत नाही. फ्लेक्सवाल्याकडं फोटो देताना म्हणूनच जेपीजीच द्या, त्याचा पीसी नवा असला तरी त्याचं कोरल किती जुनं आहे ते आपल्याला बाहेरनं दिसत नाही.

मामांच्या ऑफिसात आता अशी सोय आहे. मामेभावाचा रोजचा फोन `Most Compatible` वर, `Transfer to Mac or PC` परत `Automatic` वर, म्हणजे एखादा जुना एचईआयसी मध्ये आला तरी तो बदलूनच जाईल, आणि नवे सगळे मुळात जेपीजी असल्यामुळं कॉपी करताना फोनला काही बदलायचंच नाही, त्यामुळं तो एररही परत आलेला नाही, परवा त्यानं एकदम 110 फोटो ओढले आणि सरळ गेले. मामांच्या स्वतःच्या फोनात मात्र एचईआयएफच ठेवलंय, त्यांच्याकडं नातवंडांचे फोटो भरपूर आणि फोन 64 जीबीचा, आणि ते फोटो पीसीवर कधी जात नाहीत. पीसीच्या शेजारी भिंतीवर मामेभावानं एक कागद चिकटवलाय, त्यावर पेननं लिहिलंय: "फोल्डरमध्ये `HEIC` दिसलं तर नाव बदलू नका, आधी मला फोन करा."